लहानीची ठुशी आणि माझ्या लक्ष्म्या

“भैया, अकरा ग्रॅम होते हैं मेरे. अकरा. आप नऊ कैसे बोल रहे हो?”

लहानी ओरडत होती. लहानी म्हणजे माझी धाकटी जाऊ. एरवी तिचा आवाज इतका मऊ की वरणात तूप पडावं. आणि आज त्या आवाजाने सराफ्यातल्या त्या तीन मजली शोरूममधल्या गळ्यातल्यांच्या रांगा हलून राहिल्या होत्या. पुण्याची मुलगी, बँकेत अधिकारी, रागावली की तिच्या हिंदीत मराठी आकडे घुसतात. काउंटरपलीकडचा सेल्समन ‘अकरा’ म्हणजे ग्यारह हे समजायलाच थोडा वेळ घेत होता, आणि तेवढ्यात ती पुढचं वाक्य फेकत होती.

मी बाजूच्या गुबगुबीत खुर्चीवर बसले होते. दुकानाने दिलेला ठंडा पीत होते. खोटं कशाला बोलू, त्या ठंड्याइतकं गोड पेय मी आयुष्यात प्यायले नव्हते. सोबत सासूबाई होत्या, त्या मांडीवर पिशवी ठेवून दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. एसी असा होता की भेडाघाटाचा धबधबा आत आणून ठेवला असता तर त्याचीही कुल्फी झाली असती. पण मला आतून छान ऊब येत होती.

“दीदी,” सेल्समन म्हणाला, “आपकी स्कीम रुपये वाली है. ग्राम वाली नहीं है. रुपये जमा हुए, सोना आज के भाव से मिलेगा.”

“मतलब हर महीने का सोना नहीं कटा?”

“नहीं दीदी.”

मी स्ट्रॉने तळाचा बर्फ खळखळ वाजवला. मुद्दाम.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही मला दुष्ट समजाल. सगळं ऐकल्यावर समजा, माझी हरकत नाही.

आम्ही जबलपुरातल्या घमापुरातले जुने. आमच्या घराण्याचे मूळपुरुष नागपूरकरांच्या फौजेतून इकडे आले असं सांगतात. मी तर पाहुण्यांना सांगते की ते एकटेच चारशे घोडेस्वारांशी लढले, आणि मग खोव्याची जिलबी खाऊन इतके सुस्तावले की परत जायचं विसरले. सासूबाई म्हणतात, ते कारकून होते. असो. मी राइट टाउनातल्या एका शाळेत मराठी सोडून सगळं शिकवते. माझं घरात पंधरा वर्षं राज्य होतं. मग धाकट्या दिरांचं लग्न झालं, त्यांच्या बायकोची बदली जबलपूरला झाली, आणि वरच्या मजल्यावर लहानी राहायला आली.

त्या दिवसापासून माझ्या छातीत एक छोटी शेगडी पेटली, ती विझलीच नाही. लहानीच्या पोळ्या फुगायच्या. माझ्याही फुगायच्या, पण तिच्या जास्त वेळ फुगून राहायच्या. लहानी स्कूटर एका झटक्यात स्टँडवर लावायची. माझ्या शेजारणी, ज्या मला पंधरा वर्षं ‘भाभी जी’ म्हणत होत्या, त्या तिला पहिल्याच आठवड्यात ‘मैडम जी’ म्हणू लागल्या. सासूबाईंच्या पेन्शनचं काम, जे मी तीनदा बँकेत जाऊन बिघडवून आले होते, ते तिने मोबाइलवरून भाजी चिरता चिरता करून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, “लहानीला कसं सगळं येतं.” मी त्या दिवशी भेंडीची भाजी एवढी तिखट केली की आमच्या गल्लीतल्या मांजरांनी आठवडाभर आमच्या दाराकडे बघितलं नाही.

मग नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद मझौलीला दिली आहे, शेती आहे, बाजारात दुकान आहे, मोठा गोतावळा आहे. लग्नाला वर्षभर अवकाश होता. आम्ही दोघींनी मनात तेच आणलं: त्या मांडवात आपल्या स्वतःच्या पैशाचं, नवीन काहीतरी गळ्यात पाहिजे. मी माझं मनात ठेवलं होतं. लहानीने मात्र जेवताना सरळ सांगून टाकलं.

“मी सोन्याची भिशी लावली, ताई. महिन्याला दहा हजार, अकरा महिने. शेवटी दागिना घ्यायचा, घडणावळ माफ.”

घडणावळ म्हणजे दागिना घडवायची मजुरी. दुकानात तिला मेकिंग चार्ज म्हणतात. सोन्याच्या किमतीवर शेकडा दहा, पंधरा, अठरा, नक्षी जितकी बारीक तितकी जास्त. लहानीच्या स्कीममध्ये अठरा टक्क्यांपर्यंतची घडणावळ दुकान सोडणार होतं. अट एकच, दागिनाच घ्यायचा. नाणं नाही, बिस्कीट नाही, आणि रोख परत मागितली तर फक्त भरलेली रक्कम हातात, वर काही नाही.

“दुकानदार काही फुकट देत नसतो,” मी म्हटलं.

“नाही, पण घडणावळ वाचते. ठुशीला पंधरा टक्के असते, मी विचारलं.”

ठुशी. मी मनात ठुशीच ठरवली होती. ती बाई माझ्या स्वप्नात येऊन माझीच ठुशी घेऊन गेली.

त्या रात्री मी आमच्या ह्यांना म्हटलं, मी स्कीम-बिम लावणार नाही. मी नाणी घेणार. महिन्याला दहा हजार तेवढेच, पण रोखठोक चोवीस कॅरेटचं नाणं हातात. भाव वाढला तर माझं सोनं वाढेल, तिचे रुपये तिथेच बसतील.

हे म्हणाले, “मग तिला सांग ना की भाव वाढला तर तिचं नुकसान आहे.”

मी म्हटलं, “ती बँकेत आहे. तिला नसेल का कळत.”

बघा, मी तेव्हाच विचारलं असतं की तुझी स्कीम रुपयांची की ग्रॅमची, तर सगळं पाणी वेगळ्या नाल्याने वाहिलं असतं. दोन्ही प्रकार असतात. एकात दर महिन्याचे पैसे त्या दिवसाच्या भावाने ग्रॅममध्ये बदलून ठेवतात. दुसऱ्यात नुसते रुपये साठतात आणि शेवटच्या दिवसाच्या भावाने सोनं मिळतं. लहानी समजून चालली होती की तिची पहिली आहे. मी समजून चालले होते की ती दुसरी असावी, आणि मी हे समजणं माझ्याजवळच ठेवलं.

पहिलं नाणं मी घमापुरातल्याच आमच्या नेहमीच्या दुकानातून आणलं. एक ग्रॅम, चोवीस कॅरेट, एका बाजूला कमळावर लक्ष्मी. सोन्याचा भाव नऊ हजार, पण नाण्यालाही घडणावळ असते, वर तीन टक्के जीएसटी. नाणं हातात येईस्तोवर पावणेदहा हजार झाले. हा पहिला काटा टोचला, पण मी गिळला. दुकानदाराने ते एका कार्डात सीलबंद करून दिलं, आणि बजावलं, “भाभी जी, सील मत खोलना. बंद रहेगा तो हम पूरे भाव में वापस लेंगे.”

मी घरी आले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात ती अवदसा शिरली.

लहानीचे पैसे मोबाइलवरून जायचे. टिंग वाजायचं, संपलं. कुणाला दिसायचं नाही. माझं नाणं दिसणारं होतं. मग ते का दिसू नये? मी सासूबाईंना म्हटलं, “आई, लक्ष्मी घरात आली, तिची पूजा करायला नको?” सासूबाई खूश झाल्या. प्लॅस्टिकमध्ये बसलेल्या देवीला हळदकुंकू कसं वाहायचं? मी कात्री घेतली, कार्ड कचकन कापलं, लक्ष्मीला देवघरातल्या चांदीच्या वाटीत बसवलं, आणि वरच्या मजल्यावर हाक मारली, “लहानी, ये गं, दर्शन घे.”

लहानी ओले हात पुसत आली, नमस्कार केला, म्हणाली, “किती छान आहे हो.” मग लगेच म्हणाली, “अहो, पण सील काहून फोडलं?” ‘काहून’ ती आमच्याकडूनच शिकली होती, आणि माझ्यावरच वापरून राहिली होती.

“देवीला काय कोंडून ठेवायचं?” मी म्हटलं.

दर महिन्याचा तोच कार्यक्रम झाला. नवीन नाणं आलं की कात्री, हळदकुंकू, लाल फूल, आणि वरच्या मजल्यावर हाक. कधी मी शेजारणींनाही बोलावलं. मी सांगायची की हे नाणं बारा किलोच्या लगडीतून माझ्यासमोर कापून काढलं. शेजारणी डोळे विस्फारून बघायच्या. लहानीही दर वेळी मुकाट्याने येऊन नमस्कार करायची. तिच्या चेहऱ्यावर जळण्याचं एकही चिन्ह नसायचं, आणि त्यामुळे मी आणखी जळायची.

भाव चढायला लागला. अहो, काय चढला. मी घरून ऑटोत बसले तेव्हा एक भाव, दुकानात उतरले तेव्हा दुसरा, आणि दुकानदाराने चष्मा पुसेपर्यंत तिसरा. मग दहा हजारांत एक ग्रॅम बसेना. मी एका महिन्यात अर्ध्या ग्रॅमचं नाणं घ्यायची, उरलेले पैसे पोह्यांच्या डब्यात टाकायची आणि पुढच्या महिन्यात एक ग्रॅमचं घ्यायची. इथे दुसरा काटा. नाणं जितकं लहान, तितकी त्याची घडणावळ जड. अर्ध्या ग्रॅमच्या लक्ष्मीला घडवायला जवळपास तेवढेच पैसे लागतात जेवढे एका ग्रॅमच्या लक्ष्मीला. देवी अर्धी, मजुरी पूर्ण.

पण मला काय त्याचं. रोज सकाळी मी मोबाइलवर भाव बघायची आणि ओट्याशी उभी राहून मोठ्याने म्हणायची, “आज पुन्हा चढला.” छतातून आवाज वर जातो, हे मला ठाऊक होतं.

अकरा महिने झाले. हप्ते वर्षाच्या आत संपवावे लागतात म्हणून अकराच असतात, असं लहानी म्हणाली. माझ्या वाटीत एकूण नऊ ग्रॅमच्या लक्ष्म्या जमल्या, आणि डब्यात पोह्यांखाली अडीचेक हजार रुपये. चोवीस कॅरेटचा भाव तेरा हजारावर पोचला होता. मी गणित केलं: नऊ गुणिले तेरा, एक लाख सतरा हजार. लहानीचे अकरा हप्ते, एक लाख दहा हजार. सात हजारांनी मी पुढे. मी त्या रात्री झोपेत हसले असं हे सांगतात.

खरं तर मी माझी नाणी घेऊन घमापुरातल्याच दुकानात जायला हवं होतं. सील फोडलं असलं तरी ओळखीचा माणूस, थोडंफार कापून घेतलीच असती, आणि साधी का होईना ठुशी करून दिली असती. पण मला साधी ठुशी नको होती. मला लहानीच्याच शोरूममध्ये, लहानीच्याच काउंटरवर, लहानीच्याच ट्रेमधली ठुशी हवी होती, आणि ती लहानीने उघड्या डोळ्यांनी बघायला हवी होती. म्हणून मी म्हटलं, “तू जाऊन राहिली ना ठुशी घ्यायला? मी पण येते. आई, तुम्हीही चला.”

अशी आम्ही तिघी त्या थंडगार शोरूममध्ये बसलो होतो, आणि लहानी अकरा ग्रॅमसाठी ओरडून थकली होती. दर महिन्याच्या भावाने सोनं कापलं असतं तर तिचे अकरा ग्रॅम झालेच असते. पण ते कापलं नव्हतं. तिने पाण्याचा घोट घेतला, ओढणी सारखी केली, आणि म्हणाली, “ठीक आहे. चूक माझी. अटी वाचायला हव्या होत्या. दाखवा ठुशी.”

एवढंच. तिच्या जागी मी असते तर त्या दुकानाचे जबलपूरभर वाभाडे काढले असते.

सेल्समनने मराठी दागिन्यांचा ट्रे काढला. मधोमध एक ठुशी होती, बरोबर नऊ ग्रॅमची, बावीस कॅरेटची. बारीक मण्यांची, गळ्याला घट्ट बसणारी. मी ती बघितली आणि ठंड्याचा ग्लास खाली ठेवला. लहानीनेही तीच उचलली. अर्थात.

हिशेब झाला. बावीस कॅरेटचा भाव अकरा हजार नऊशे. नऊ ग्रॅमचे एक लाख सात हजार शंभर. घडणावळ शून्य. तीन टक्के जीएसटी. एकूण एक लाख दहा हजार तीनशे आणि वर थोडे. लहानीचे एक लाख दहा हजार तर जमाच होते. तिने पर्समधून तीनशे-सव्वातीनशे रुपये काढून दिले आणि ठुशी तिची झाली. पाणीपुरी खाऊन पैसे द्यावेत तितक्या सहज.

“भैया,” मी खुर्ची पुढे ओढली, “अब मेरा देखो. बिलकुल यही चाहिए. वजन भी यही.”

मी चांदीची वाटी काढली. हो, मी लक्ष्म्या वाटीसकट आणल्या होत्या, वर लाल कापड. कापड उचललं. सेल्समनने बघितलं. नाण्यांवर हळदीचे पिवळे डाग, कुंकवाच्या खपल्या, एका लक्ष्मीच्या पायाशी सुकलेली जास्वंदाची पाकळी.

“दीदी, ये हमारे यहाँ का नहीं है,” तो म्हणाला. “सील भी खुला है. मशीन में जाँचेंगे, फिर आपके सामने गलाकर देखना पड़ेगा. दो परसेंट कटेगा.”

“काटो,” मी राजाच्या थाटात म्हटलं. “भाव तो देखो कितना चढ़ा है.”

त्याने मशीनमध्ये तपासलं. सोनं चोख होतं, त्यात काही वाद नाही. मग त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. एक लाख सतरा हजार, त्यातून दोन टक्के वजा: एक लाख चौदा हजार सहाशे साठ. मी लहानीकडे बघितलं. बघ, म्हटलं मनात, तुझ्यापेक्षा चार हजार जास्तच.

“और ठुशी का?” मी विचारलं.

तीच ठुशी, दुसरा नग होता त्यांच्याकडे. सोन्याचे तेच एक लाख सात हजार शंभर. पण घडणावळ माफ नव्हती. पंधरा टक्के: सोळा हजार पासष्ट. मग त्या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी. एकूण एक लाख सव्वीस हजार आठशे साठ.

“दीदी, आपके ऊपर से बारह हजार दो सौ और लगेंगे.”

मी कॅल्क्युलेटर हातात घेतला. उलटा करून बघितला. सेल कमी झाला असेल म्हणून हलवला. परत बेरीज केली. बारा हजार दोनशे. मी नाणं घेताना एकदा घडणावळ आणि जीएसटी दिलाच होता. आता तेच सोनं ठुशी होताना पुन्हा घडणावळ, पुन्हा जीएसटी. भाव चढल्याने जे वर मिळालं, ते या दोन दारांतून बाहेर निघून गेलं. भाव आणखी चढला असता तर मी जिंकले असते. जेवढा चढला तेवढ्याने नाही. लहानीचं सोनं माझ्यापेक्षा कमी होतं, आणि तिची ठुशी मात्र आयती गळ्यात होती.

डब्यात होते अडीच हजार. बाकीचे ह्यांच्याकडे मागायचे म्हणजे त्यांना पूर्ण हकीकत सांगायची. आणि लहानी शेजारी बसून हे सगळं ऐकून राहिली होती. ती काही बोलत नव्हती. तिने तोंड उघडलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मग ती म्हणालीच. “ताई, माझ्याकडे आहेत. मी देते, नंतर बघू.”

त्या क्षणी मला वाटलं की त्या शोरूमची गुळगुळीत फरशी फाटावी आणि मी सरळ नर्मदेत पडावं. लहानीच्या पैशाने लहानीसारखी ठुशी. याच्यापेक्षा मी दोरीत बटाटे ओवून गळ्यात घातले असते.

तेवढ्यात सेल्समनने आतल्या माणसाला हाक मारली. तो आला, त्याच्या हातात मातीची छोटी मूस होती, ज्यात सोनं वितळवतात. त्याने माझी वाटी उचलली. आणि सासूबाई, ज्या इतका वेळ पिशवी धरून बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या.

“हे काय करून राहिला तो?”

“वितळवून बघणार आहेत, आई,” लहानी म्हणाली. “शुद्ध आहे की नाही ते.”

“लक्ष्मी वितळवणार?” सासूबाईंचा आवाज चढला नाही, पण दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं वळली. “अकरा महिने मी हळदकुंकू वाहिलं तिला. माझ्या देवघरात बसली ती. पूजलेली लक्ष्मी कुणी आगीत घालतं?”

आतला माणूस मूस धरून थबकला. सेल्समन माझ्याकडे बघू लागला. सासूबाईंनी वाटी हातात घेतली, लाल कापड झाकलं आणि पिशवीत ठेवली.

एका क्षणात मला दोन गोष्टी समजल्या. एक, माझी नाणी आता कधीच, कुठल्याच दुकानात, कुठल्याच भावाने वितळणार नाहीत. मीच दर महिन्याला कात्रीने कार्ड कापून त्या नाण्यांचे देव करून ठेवले होते. दुसरी, मला सुटकेचं दार सापडलं होतं.

मी दोन्ही हात जोडले, डोळे अर्धे मिटले. “आई म्हणतात ते खरं आहे,” मी म्हटलं. “सोन्याचा मोह माणसाला कुठे नेतो बघा. लक्ष्मी वितळवून मी गळ्यात घालणार होते. नको, भैया. रहने दो. ठुशी रहने दो.”

लहानीने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिच्या बँकेत खोटी सही आणून दिली की ती अशीच बघत असेल. मग म्हणाली, “बरं, ताई.”

परत येताना आम्ही खोव्याची जिलबी घेतली, ती मी एकटीने अर्धी संपवली.

लग्नाला मझौलीला गेलो. मांडवात शिरल्यापासून जी ती बाई लहानीच्या गळ्याला हात लावून बघत होती. “अगं बाई, किती सुरेख.” “कुठे घेतली?” “केवढ्याची?” नणंदेच्या सासूबाईंनी तर चष्मा काढून, परत लावून बघितली. मी माझ्या जुन्या मंगळसूत्रात उभी होते, आणि ज्या कुणाला ऐकायचं होतं आणि ज्यांना नव्हतं त्यांनाही सांगत होते की आमच्या घरी नऊ ग्रॅम चोवीस कॅरेटची लक्ष्मी आहे, जी देवघरात आहे म्हणून आणता आली नाही. बायका ‘हो का’ म्हणून परत ठुशीकडे वळत होत्या. देवघरातली लक्ष्मी लग्नात दिसत नाही, एवढी एकच तिची अडचण.

सप्तपदी झाली. जेवणाआधी लहानी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटलं. मला वाटलं आता बोलेल, सगळं बोलेल: सील, कात्री, छतातून ऐकवलेले भाव. मी उत्तरंही तयार केली, एकाहून एक खोटी. तिने मानेमागे हात नेले, ठुशीचा दोरा सोडला, आणि ठुशी माझ्या हातात ठेवली.

“तुम्ही घाला, ताई. जेवणाच्या पंक्तीला.”

ठुशी अजून तिच्या अंगाने कोमट होती. मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. मी दोरा बांधायला आरसा शोधला.

आणि मग मी बाहेर गेले. काय सांगू तुम्हाला. ज्या बायकांनी तासाभरापूर्वी तीच ठुशी लहानीच्या गळ्यात बघितली होती, त्यातल्या दोघीतिघींना ती आता माझ्या गळ्यात आणखी शोभत होती, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं, म्हणजे जवळजवळ सांगितलं. मी त्यांना सांगितलं की ही ठुशी आमच्या मूळपुरुषांनी घोड्यावरून आणली होती. एक म्हणाली, पण ही तर नवीन दिसते. मी म्हटलं, आम्ही चांगली जपली. सासूबाई शेजारी वाढत होत्या, त्यांनी माझ्या पानात बुंदीचा एक लाडू जास्त टाकला, हे मी पुरावा म्हणून सांगते.

पण आतली शेगडी विझली नाही. उलट भडकली. जी बाई आपली ठुशी अशी काढून देते, तिच्यापुढे माझी नऊ ग्रॅम काय, नव्वद तोळे असते तरी कमीच पडले असते. मला हेही तिचं हवंसं वाटत होतं. हा मोठेपणाही घडणावळ माफ करून तिला कुणी दिला, हे मला समजून घ्यायचं होतं.

जेवणं झाली आणि आम्ही परत निघालो. गाडीत सासूबाई पुढे, आम्ही दोघी मागे. मी ठुशी काढून तिच्या हातात दिली. ती रुमालात गुंडाळून ठेवून राहिली होती. आजूबाजूला मझौलीची शेतं चालली होती. मी बराच वेळ धीर धरला, म्हणजे माझ्या मानाने बराच, आणि मग विचारलं.

“खरं सांग, लहानी. मला काहून दिलीस?”

ती खिडकीबाहेर बघत मान चोळत होती. मानेवर मण्यांची लाल रांग उमटली होती.

“टोचते हो ती, ताई,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी मी नाणीच घेईन.”